जेवणानंतरचा चहा कुठे गेला?

लातूरच्या मुलींच्या एका वसतिगृहात डिसेंबरात दुपारच्या जेवणानंतरचा चहा बंद झाला. बंद म्हणजे अगदी बंद नव्हे, तो साडेचारला सरकला. पण अकरावी-बारावीच्या पोरी नीटच्या अभ्यासाला बसलेल्या असताना त्यांच्या चहाची वेळ बदलणं ही लातुरात लहानसहान गोष्ट नाही. दोन दिवसांत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुरकुर सुरू झाली. एका वडिलांनी थेट विचारलं, "मॅडम, मेसची फी चहासकट घेतली होती ना?" मग बाकीच्यांनाही कंठ फुटला. आठवड्यात चार-चारदा उसळ कशाला? पालक-पनीर पंधरा दिवसांतून एकदाच का? रविवारचा शिरा काढून पेरूच्या फोडी देणं ही काटकसर नाही तर काय?

रेक्टर मॅडमनी उत्तर द्यायला चार दिवस घेतले आणि मग एक लांबलचक मेसेज टाकला. अशा मेसेजांमध्ये सहसा 'संतुलित आहार', 'विद्यार्थिनींचे हित' वगैरे शब्द असतात आणि पालक ते न वाचताच नमस्काराचे हात पाठवून मोकळे होतात. या मेसेजची सुरुवात मात्र वेगळी होती. "सर्व पालकांना नमस्कार. आपल्या मुलींच्या ताटात लोह पुरेसं पडतं का, हा या मेनूमागचा पहिला प्रश्न आहे. पोट भरतं का, हा दुसरा," असं त्यांनी लिहिलं होतं. पुढचा सगळा मेसेज त्या पहिल्या प्रश्नाचाच पाठपुरावा करणारा होता.

लोहच का, याचं उत्तर सरळ आहे. 2016 ते 2018 या काळात देशभर झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त काढून तपासणी झाली होती. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी 40 टक्के मुलींमध्ये त्यात रक्तक्षय आढळला, तर त्याच वयाच्या मुलग्यांमध्ये 18 टक्के. एकाच घरात, एकाच चुलीवरचं खाणाऱ्या भावाबहिणीत हा फरक पडतो, कारण मुलीच्या शरीरातून दर महिन्याला रक्त जातं. एका पाळीत साधारण 30 ते 40 मिलिलिटर रक्त गेलं, तर त्याबरोबर 15 ते 20 मिलिग्रॅम लोह गेलं असं समजायचं. त्याशिवाय त्वचा आणि आतड्यांच्या झिजेतून रोज थोडं लोह जातच असतं. वाढीचं वय आहे, त्यामुळे नवं रक्त तयार व्हायलाही लोह लागतं. हे सगळं भरून काढायला शरीरात रोज दीड-दोन मिलिग्रॅम लोह मुरावं लागतं.

दीड-दोन मिलिग्रॅम ऐकायला किती किरकोळ वाटतं! पण ताटातलं लोह सगळं रक्तात जात नाही. धान्य, डाळी आणि भाज्यांमधलं लोह शरीर फार हात राखून घेतं. शंभर भाग खाल्ले तर पाच-आठ भाग मुरतात, उरलेले तसेच बाहेर पडतात. म्हणूनच हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली 16 ते 18 वर्षांच्या मुलींसाठी रोजच्या लोहाची शिफारस 32 मिलिग्रॅम इतकी ठेवली. ही शिफारस जवळपास प्रत्येक मुलीची गरज भागावी अशा बेताने वर ओढलेली असते. सरासरी मुलीचं त्याहून बऱ्याच कमी लोहावर भागतं. पण कुठली मुलगी सरासरी आणि कुठली नाही, हे वसतिगृहात कुणाला कळणार?

मॅडमनी पालकांना एका दिवसाचा हिशेब मांडून दाखवला. दिवस मंगळवार होता आणि हिवाळा असल्यामुळे दुपारी बाजरीची भाकरी होती. सकाळी पोहे, साठ ग्रॅम आणि वर मूठभर शेंगदाणे: लोह तीनच्या आसपास. दुपारी दोन भाकऱ्या, म्हणजे 120 ग्रॅम पीठ: साडेसात. मटकीची उसळ, कोरडी मटकी 40 ग्रॅम: तीन. सोबत थोडा भात, ज्यातून लोह जेमतेम पाव-अर्धा मिलिग्रॅम मिळतं. साडेपाचला भाजलेले चणे, 30 ग्रॅम: दोन. रात्री तीन पोळ्या, मेथीची भाजी, तुरीचं वरण आणि थोडा भात: हे सगळं मिळून आठ-साडेआठ. बेरीज 24-25 पर्यंत पोचते.

म्हणजे मनापासून आखलेल्या, एकही पदार्थ न सोडता खाल्लेल्या दिवशीही 32 चा आकडा गाठला जात नाही. मॅडमनी ही गोष्ट लपवली नाही, उलट मेसेजच्या मधोमध ठेवली. मेसच्या जाहिरातीत 'भरपूर लोहयुक्त आहार' असं छापणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून बघायला हरकत नाही.

आता या 25 मिलिग्रॅमकडे दोन बाजूंनी बघता येतं. त्यातलं पाच टक्के मुरलं तर सव्वा मिलिग्रॅम मिळेल आणि मुलगी तुटीत राहील. दहा टक्के मुरलं तर अडीच मिळेल आणि तिचं भागेल. ताटातला एकही पदार्थ न वाढवता मुरण्याचं प्रमाण दुप्पट करता आलं, तर 25 मध्येही काम होतं. मेनूमधले जे बदल पालकांना खटकले होते ते जवळजवळ सगळे याच एका गोष्टीसाठी होते.

पहिला बदल चहाचा. चहात जे तुरट असतं, ते आतड्यात लोहाला धरून ठेवतं आणि मुरू देत नाही. जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्याझाल्या चहा घेतला, तर त्या जेवणातलं मुरणारं लोह निम्म्याहून खाली येऊ शकतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळा असं स्पष्ट म्हटलं आहे. दुपारचं जेवण साडेबाराला होतं, म्हणून चहा साडेचारला. चणे साडेपाचला, चहापासून तासभर लांब. सकाळचा चहा उठल्याउठल्या सहाला आणि पोहे साडेसातला. फीमधला एकही कप कमी झालेला नाही, हेही मॅडमनी आवर्जून लिहिलं. फीचा प्रश्न विचारणाऱ्या वडिलांना बहुधा तेवढंच हवं होतं.

दुसरा बदल पेरूचा, आणि इथे मेसेज खरा रंगला. वनस्पतींमधलं लोह मुरायला क जीवनसत्त्वाची साथ लागते, हे आता बऱ्याच लोकांनी ऐकलेलं असतं. म्हणून ताटात लिंबाची फोड ठेवली की काम झालं, असा समज आहे. मॅडमनी त्याचाही हिशेब केला. अर्ध्या लिंबातून साधारण 15 मिलिलिटर रस निघतो आणि त्यात क जीवनसत्त्व असतं सात-आठ मिलिग्रॅम. मेसमध्ये तर एका लिंबाच्या चार फोडी होतात, त्यातली निम्मी फोड पिळली जाते आणि उरलेली ताटाच्या कडेला पडून राहते. याउलट पेरूच्या दोन फोडी, म्हणजे 40 ग्रॅम पेरू, 80 मिलिग्रॅमच्या पुढे जातो. लिंबाच्या अनेक पट. शिवाय तो कच्चा खाल्ला जातो, त्यामुळे शिजवताना होणारं नुकसानही नाही.

पेरूचं हे नुसतं अंकगणित नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्याच संशोधकांनी किशोरवयीन मुलामुलींना भाताच्या जेवणाबरोबर पेरू देऊन, लोहाचे खुणेचे अणू वापरून, किती लोह मुरतं ते मोजलं होतं. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पेरूबरोबर खाल्लेल्या जेवणातून लोह दुपटीच्या आसपास मुरलेलं दिसलं. एक गोष्ट मात्र सांभाळायची. पेरू जेवणाबरोबर खायचा. संध्याकाळी चारला एकट्याने खाल्लेल्या पेरूला साथ द्यायला पोटात लोहच नसतं. म्हणून मेसमध्ये फोडी ताटातच वाढल्या जातात, घेऊन जायला परवानगी नाही. या नियमावरूनही दोन मुली रुसल्या होत्या म्हणे.

थंडीत लातूरच्या बाजारात पेरू स्वस्त असतो, तेव्हा प्रश्न येत नाही. पेरू नसेल त्या दिवशी कच्च्या कोबीची कोशिंबीर होते. 50 ग्रॅम कच्च्या कोबीत 16-17 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळतं, पेरूइतकं नाही पण लिंबाच्या फोडीपेक्षा खूप बरं. कोबी चिरून तास-दोन तास उघडा ठेवला की ते कमी होत जातं, म्हणून कोशिंबिरीचा कोबी वाढायच्या अर्धा तास आधी चिरायचा, हे आचाऱ्याला सांगावं लागलं. सकाळी सगळी भाजी एकदम चिरून ठेवायची सवय मोडायला त्याला महिना लागला.

मग पालक-पनीरचं काय? घरोघरी अशी समजूत आहे की रक्त कमी झालं की पालक, बीट, डाळिंब, खजूर. रंगावरून औषध ठरवायची ही आपली जुनी खोड. डाळिंबाच्या शंभर ग्रॅम दाण्यांत लोह अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नसतं. बीटमध्ये त्याहून थोडं जास्त. दोन खजुरांतून एक मिलिग्रॅमही मिळत नाही आणि गुळाच्या खड्यातून अर्धा. पालकात आहे, शंभर ग्रॅममध्ये तीनच्या आसपास, पण त्यातलं मुरतं फार थोडं. त्यात पनीर घातलं की कॅल्शियम आलं आणि कॅल्शियमही त्या जेवणापुरतं लोहाच्या वाटेत येतं. पालक-पनीर वाईट नाही, पोरींना आवडतं, पनीरमधून प्रथिनं मिळतात. म्हणून ते पंधरवड्यातून एकदा ठेवलं आहे. लोहासाठी मात्र ते नाही, आणि त्याच्या एका दिवसाच्या पनीरच्या खर्चात चार दिवसांची उसळ होते.

उसळीची बाजू भक्कम आहे. मटकीत शंभर ग्रॅममागे लोह सात-आठ मिलिग्रॅम, हुलग्यात त्याहून थोडं वर, मसुरीत सातच्या घरात. तुरीच्या डाळीत चारच्या आत. पण कडधान्यात लोहाला जखडून ठेवणारा एक पदार्थही असतो, फायटेट नावाचा. कोंब फुटू लागले की बी स्वतःच तो मोडायला घेते, कारण रोपट्याला त्यातला फॉस्फरस हवा असतो. त्याचा फायदा आपल्याला मिळतो. म्हणून मेसमध्ये मटकी आदल्या रात्री भिजत पडते, सकाळी उपसून फडक्यात बांधली जाते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शिजते. 120 मुलींना 40 ग्रॅमप्रमाणे 4 किलो 800 ग्रॅम मटकी लागते, आणि ती भिजून-मोड येऊन दुप्पट-अडीचपट होते. एवढी मोठी मोट बांधली की आतल्या मटकीला हवा लागत नाही, ती गरम होते, बुळबुळीत होते आणि आंबूस वास मारते. पावसाळ्यात तर हमखास. म्हणून एक मोठं गाठोडं न बांधता सहा-सात लहान पुरचुंड्या करून टांगायच्या आणि शिजवण्याआधी प्रत्येकीचा वास घ्यायचा, हे काम मेसमधल्या मावशींकडे आहे. डिसेंबरात उलटी अडचण होते, थंडीमुळे मोड यायला वेळ लागतो. तेव्हा भिजवण्यासाठी कोमट पाणी घेतात आणि पुरचुंड्या भट्टीच्या बाजूच्या भिंतीला लावतात.

कडधान्यांचा दुसराही उपयोग आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला दिवसाला साधारण 46 ग्रॅम प्रथिनं लागतात. काही पालकांनी मुलींना प्रथिनांच्या पावडरीचे डबे आणून दिले होते. तीन भाग धान्याला एक भाग डाळ किंवा कडधान्य असं जेवण असलं, वर दूध-दही आणि शेंगदाणे असले, की ही गरज ताटातच भागते. अडचण त्या एका भागाची असते. महिन्याचा खर्च वाढला की मेसचा ठेकेदार पहिला हात डाळीला लावतो. माणशी 30 ग्रॅमप्रमाणे 120 मुलींच्या एका वेळच्या वरणाला 3 किलो 600 ग्रॅम डाळ लागते. दोन-अडीच किलोवर भागवलं तरी पातेलं तेवढंच भरतं, फक्त पाणी वाढतं, आणि वर हळद-तेलाची तरी मस्त दिसते. वरण वाटीत घेऊन पाच मिनिटं तसंच ठेवलं की डाळ खाली बसते आणि वरचं पाणी निराळं होतं. खरं घट्ट वरण एवढ्या वेळात असं फाटत नाही. पण मॅडम वाटीकडे बघत बसत नाहीत. डाळ कोठीतून निघताना तराजूवर ठेवतात आणि वहीत आकडा लिहून ठेकेदाराची सही घेतात. ही वही कुठल्याही पालकांना बघता येईल, असंही मेसेजमध्ये होतं. वसतिगृहाच्या मेसबद्दल पालकांनी काय विचारावं, असं कुणी विचारलं तर उत्तर हेच, की मेनूचा कागद नको, कोठीची वही दाखवा.

भाकरीचा भाग जरा वेगळ्या तऱ्हेचा आहे. बाजरीत शंभर ग्रॅममागे सहाच्या वर लोह, ज्वारीत चार, गव्हाच्या पिठातही चारच्या आसपास आणि पॉलिश केलेल्या तांदळात एकाहून कमी. दोन भाकऱ्या ज्वारीऐवजी बाजरीच्या केल्या की दिवसाच्या हिशेबात तीन मिलिग्रॅमची भर पडते. मग रोज बाजरी का नाही? एक तर मराठवाड्यातल्या पोरी ज्वारीवर वाढलेल्या, बाजरी त्यांना संक्रांतीच्या आसपास आठवते आणि उन्हाळ्यात उष्ण पडते म्हणून नको असते. दुसरं, बाजरीत तेलाचा अंश जास्त असल्यामुळे तिचं पीठ आठवडाभरात कडवट होऊ लागतं. मेससाठी एकदम पन्नास किलो दळून ठेवायची सोय नाही. आठवड्यातून दोनदा गिरणीत जावं लागतं. तिसरं, अडीचशे भाकऱ्या थापायला हात लागतात. पोळ्या लाटून देणारं यंत्र मिळतं, पण बाजरीच्या भाकरीला अजून मावशींनाच बसावं लागतं. म्हणून हिवाळ्यात आठवड्यातून तीन दुपारी बाजरी, एरवी ज्वारी, आणि रात्री पोळी असा तोडगा निघाला.

बाजरीच्या भाकरीचा निवासी मुलामुलींवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास महाराष्ट्रातच झाला आहे, ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. इक्रिसॅट आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कामातून 'धनशक्ती' हा जास्त लोहाचा बाजरीचा वाण आला. त्या बाजरीची भाकरी निवासी शाळांमधल्या 12 ते 16 वर्षांच्या 246 मुलामुलींपैकी निम्म्यांना दोन्ही वेळा दिली गेली आणि उरलेल्यांना साध्या बाजरीची. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चार महिन्यांत जास्त लोहाच्या बाजरीवाल्या मुलांच्या शरीरातला लोहाचा साठा दुसऱ्या गटापेक्षा अधिक वाढलेला आढळला. सुरुवातीला ज्यांच्यात लोहाची कमतरता होती, त्यांची ती सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता या गटात दीडपटीहून जास्त होती. मॅडमना धनशक्तीची बाजरी हवी आहे, पण आडतीवर बाजरी फक्त 'बाजरी' म्हणून विकली जाते, वाणाचं नाव पोत्यावर नसतं. ओळखीच्या एका शेतकऱ्याकडून थेट धान्य घेण्याचं बोलणं चालू आहे, एवढंच त्यांनी लिहिलं.

दूध कुठे गेलं, हा प्रश्न शाकाहारी घरांतल्या आयांनी विचारला होता. दूध रात्री साडेनऊला आहे, अभ्यासाच्या मधल्या सुट्टीत, जेवणापासून दोन तास दूर. त्याचं कारण वर आलंच: कॅल्शियम हवं, पण लोहाच्या जेवणाला खेटून नको. दुपारचं ताक मात्र ठेवलं आहे, कारण वाटीभर ताकाने होणारं नुकसान थोडं आणि ताक काढलं तर पोरी जेवतच नाहीत. आणखी एक गोष्ट म्हणजे बी-12. ते धान्यात, डाळीत, पालेभाजीत नसतंच. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं. वर उल्लेखलेल्या सर्वेक्षणात एकूण किशोरवयीन मुलामुलींपैकी जवळपास एक तृतीयांश जणांमध्ये बी-12 कमी आढळलं होतं. त्याच्या कमतरतेनेही रक्तक्षय होतो आणि तो कितीही बाजरी खाल्ली तरी हटत नाही. म्हणून बुधवारी आणि शनिवारी ज्या मुली खातात त्यांना उकडलेली दोन अंडी आणि ज्या खात नाहीत त्यांना जास्तीचं दही, अशी सोय आहे. दही अंड्याची पूर्ण बरोबरी करत नाही, हेही मॅडमनी लिहिलं, आणि ज्या घरात अंडं चालत नाही तिथे डॉक्टरांना विचारून बी-12 तपासून घ्या असं सुचवलं.

कागदावरचा मेनू आणि पोटात गेलेला मेनू यात किती अंतर असतं, हे मेसच्या दाराजवळच्या उष्ट्याच्या पिंपात कळतं. मॅडम ते पिंप रोज वजन करून वहीत मांडतात. नाचणीची आंबील ठेवली त्या गुरुवारी पिंप सगळ्यात जड होतं. नाचणी कॅल्शियमसाठी घेतली होती, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर, कागदावर अगदी छान. पण पोरींनी ती दोन घोटांत सोडली. मग तीच नाचणी ज्वारीच्या पिठात मिसळून धपाट्यांमध्ये घातली, वर कारळाची चटणी दिली, आणि पिंप हलकं झालं. अंबाडीची भाजी उलट प्रकारची. ठेकेदाराने ती मेनूतून काढायला सांगितली होती, 'शहरातल्या पोरी खात नाहीत' म्हणून, आणि पहिल्याच दिवशी कढई दोनदा भरावी लागली. लसणाची फोडणी आणि ज्वारीच्या कण्या घातलेली अंबाडी लातूर-नांदेडकडच्या पोरीला परकी वाटेलच कशी?

पिंपात न दिसणारी एक गळतीही आहे. सकाळी सातच्या तासाला पळणाऱ्या मुली पोहे सोडून देतात आणि अकराला दुकानातून दोन मिनिटांत होणारे नूडल्स घेतात. वरच्या हिशेबातले पहिले तीन मिलिग्रॅम तिथेच गेले. म्हणून पोह्यांच्या जोडीला शेंगदाण्याचा लाडू कागदात बांधून देणं सुरू झालं, जो हातात घेऊन पळता येतो.

मेसेजचा शेवटचा भाग मेनूच्या मर्यादेचा होता, आणि तो खरं तर पालकांनी सगळ्यात नीट वाचायला हवा. जिच्या रक्तातलं हिमोग्लोबिन आधीच 12 च्या खाली आहे, विशेषतः नऊ-दहाच्या आसपास आहे, तिची तूट भाकरी-उसळीने भरून यायला फार काळ लागतो. तिला डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्याच लागतात. सरकारी योजनेत शाळकरी मुलींना आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी, 60 मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक ॲसिड, ही रक्तक्षय होऊ नये म्हणून असते. झालेला रक्तक्षय बरा करायचा तर डॉक्टर मात्रा वेगळी ठरवतात. या गोळ्यांनी शौच काळसर होतं, कधी मळमळतं, म्हणून पोरी गुपचूप उशीखाली ठेवतात. जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. आणि तिच्यावरही चहा नको. वर्षातून दोनदा जंताची गोळी घ्यायची, कारण आतड्यात जंत असतील तर रक्त तिकडूनही जातं.

खुणा कोणत्या बघायच्या, तेही लिहिलं होतं. दोन मजले चढून धाप लागणं, दुपारच्या तासाला डोळे मिटणं, खालच्या पापणीच्या आतला भाग फिकट दिसणं. आणि एक खूण जी घरचे हसण्यावारी नेतात: पाटीवरची पेन्सिल, खडू, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खावासा वाटणं. मराठवाड्यात किराणा दुकानात पाटीच्या पेन्सिलीचं पुडकं मागणारी सतरा वर्षांची पोर दिसली तर ती लिहायला घेत नसते. लोह कमी झालेल्या माणसाला अशी ओढ लागते, हे डॉक्टरांना माहीत असतं. मॅडमनी खोल्यांची तपासणी करताना अशा पुडक्यांवर रागवायचं सोडून दिलं आहे. त्या मुलीचं नाव तपासणीच्या यादीत टाकतात आणि तिच्या घरी फोन करतात.

ग्रुपवर या मेसेजला आलेल्या उत्तरांमध्ये नेहमीचे जोडलेले हात होतेच. पण परभणीकडच्या एका आईने विचारलं, "मॅडम, मार्चनंतर पेरू मिळत नाही, लिंबू दहा रुपयाला एक होतं. तेव्हा काय करणार?" पोरींची परीक्षा मे महिन्यात, म्हणजे प्रश्न अगदी रास्त होता. मॅडमनी लगेच लिहिलं, "मार्च-एप्रिलला कैरी येते ताई. कच्ची कैरी किसून, कांदा घालून, जेवणाबरोबर. पन्हं नको, ते उकडलेल्या कैरीचं असतं. आणि तुमच्या शेतात शेवगा असेल तर पाला पाठवून द्या, एक पोतं पुरेल."